गोळीने झालं नाही ते समुपदेशनाने: सात-आठ महिन्यांचा अनुभव

मी लातूर जिल्ह्यातला, वय पस्तिशीच्या आसपास. लहानपणी नात्यातल्याच एका माणसाने माझ्यावर लैंगिक अत्याचार केले होते. लग्नानंतर बायको जवळ आली की ताठरता यायची आणि मध्येच जायची. पहाटे मात्र सगळं व्यवस्थित. शुगर, सकाळचं टेस्टोस्टेरॉन, रिपोर्ट नॉर्मल. एका डॉक्टरांनी ताठरतेसाठीची सिल्डेनाफिल ५० ही गोळी लिहून दिली आणि "टेन्शन घेऊ नका" म्हणाले. लहानपणाबद्दल काही विचारलं नाही. गोळीचा उपयोग झाला नाही.

पुढे ज्या समुपदेशक मॅडम मिळाल्या, त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "काय झालं ते आज सांगायची गरज नाही. किती आणि कधी सांगायचं, ते तुम्ही ठरवा." त्या एका वाक्यामुळे मी दुसऱ्यांदा गेलो.

गोळी का चालली नाही, हेही त्यांनीच समजावलं. उत्तेजनेचा संदेश मेंदूकडून आला, तरच गोळी तो टिकवून धरते. भीती वाटली की शरीर पळायच्या तयारीला लागतं, रक्तवाहिन्या आखडतात आणि तो संदेशच तुटतो. माझ्या बाबतीत कुठे तुटतो ते शोधायला बरेच दिवस गेले. बायकोचा हात मानेच्या मागे गेला की मी आतून गोठायचो. तो माणूस तिथेच धरायचा.

सगळ्यात जड गोष्ट वेगळीच होती. त्या वेळी माझ्या शरीराने प्रतिसाद दिला होता, म्हणून मला स्वतःची किळस यायची. मॅडम म्हणाल्या, तो शरीराचा प्रतिक्षेप असतो, त्याचा अर्थ संमती नव्हे. हे ऐकून मी खूप रडलो.

मग बायकोला सोबत बोलावलं. काही आठवडे संभोग पूर्ण बंद. आळीपाळीने हात, पाठ, पाय यांनाच स्पर्श करायचा, मान वगळून, दिवा चालू ठेवून. मी "थांब" म्हटलं की तिने लगेच थांबायचं. काही साध्य करायचंच नसल्यामुळे धाक गेला, आणि ताठरता न बोलावता यायला लागली. पुढचा टप्पा आम्ही दोघं तयार झालो तेव्हाच घेतला.

त्रासही झाला. जुनं बोलून आल्यावर रात्री दचकून उठायचो, एक-दोनदा सोडून द्यावंसं वाटलं. हे सांगितल्यावर मॅडमनी वेग कमी केला. घरात एकांत नाही, त्यामुळे ऑनलाइन सेशन शेतातल्या आखाड्यावर बसून केली. रेंज गेली की फार चिडचिड व्हायची. आता बहुतेक वेळा अडचण येत नाही. कधी येते, तेव्हा आम्ही तिथेच थांबतो आणि बोलतो.

समुपदेशकाकडे नंबर लावण्याआधी फोनवरच विचारा: "लहानपणी अत्याचार झालेल्या पुरुषांसोबत काम केलंय का?" उत्तरात हसणं किंवा "पुरुषांना कुठं असं होतं" आलं, तर दुसरीकडे जा. कुणीच माहीत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आधी शुगर, बीपी आणि हृदयाची तपासणी मात्र करून घ्या, कारण पहाटेही ताठरता येत नसेल तर कारण शरीरातलं असू शकतं.