sin⁻¹(sin x): पट्टी पाठ करावी की आलेख काढावा?

इन्व्हर्स ट्रिगचा धडा आला की सांगलीत माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या बारावीच्या पोरांचे दोन तट पडतात. एक तट पट्टी पाठ करतो: −π/2 ते π/2 मध्ये उत्तर x, पुढे 3π/2 पर्यंत π − x, मग 5π/2 पर्यंत x − 2π, मग 3π − x. दुसरा तट करवतीच्या दातांसारखा वरखाली जाणारा आलेख काढतो. मी दोन्ही वापरून बघितलंय, आणि कुठे थांबलो ते खाली येईलच.

नुसतं डोमेन-रेंज विचारलं असेल तर भांडण नाही. sin x नेहमी −1 ते 1 मध्येच असतो, म्हणून x काहीही चालतो, आणि उत्तर [−π/2, π/2] च्या बाहेर जात नाही. उलट sin(sin⁻¹ x) ला x स्वतःच [−1, 1] मध्ये असावा लागतो. इथवर दोन्ही तट बरोबर असतात.

खरी कटकट sin⁻¹(sin 10) ला होते. 10 हे रेंजमध्ये नाही, एवढं हल्ली सगळ्यांना कळतं. मग 3π म्हणजे साधारण 9.42, फरक 0.58, तो π/2 पेक्षा लहान, झालं! उत्तर 10 − 3π. चूक. बरोबर उत्तर 3π − 10, म्हणजे −0.58 च्या आसपास. मी विद्यार्थी असताना हीच चूक केली होती आणि तेव्हा पट्टी मला झोपेतही म्हणता यायची. परवा तासगावहून एसटीने येणारा एक मुलगा वैतागून म्हणाला, ‘सर, पण दोन्ही उत्तरं रेंजमध्ये बसत्यात की!’ त्याचं खरं होतं. 0.58 आणि −0.58 दोन्ही [−π/2, π/2] मध्ये बसतात, त्यामुळे रेंज तपासून ही चूक सापडतच नाही. पर्यायांत तर दोन्ही समोर असतात.

त्याच्या पिशवीत द्राक्षाच्या पेटीचा पुठ्ठा होता. त्यावर आलेख काढायला लावला. शून्यातून 45 अंशांत वर, π/2 ला शेंडा, तिथून खाली येताना π वर आडवी रेघ ओलांडायची, 3π/2 ला तळ, पुन्हा वर. लक्षात ठेवायचं एवढंच की आलेख π च्या प्रत्येक पटीवर आडवी रेघ ओलांडतो. सम पटीवर चढताना, विषम पटीवर उतरताना. 10 हे 3π च्या जरा उजवीकडे, म्हणजे उतरणीवर, रेघेच्या खाली. उत्तर ऋणच हवं हे आकडेमोड करायच्या आधीच दिसलं. खात्री करायची तर 10 रेडियन तिसऱ्या चरणात येतो, तिथे sin ऋण असतो, मग त्याचा इन्व्हर्सही ऋणच.

पट्टीला अगदीच नाकारत नाही. सीईटीत 90 मिनिटांत 50 गणितं असतात, तिथे पुठ्ठे रंगवायला वेळ नसतो. tan⁻¹(tan x) ला तर मीही पट्टीच वापरतो, कारण तिथे प्रत्येक तुकडा चढताच असतो. π ची योग्य पट वजा केली की काम झालं, चिन्ह उलटं पडायचा प्रश्नच नाही. फक्त π/2 च्या विषम पटी डोमेनमधून गळतात आणि रेंजची दोन्ही टोकं उघडी राहतात, एवढं विसरू नये.

पण आत काही मिसळलं की पट्टीची बोलती बंद होते. sin⁻¹(2 sin x) घ्या. पट्टीत ही ओळ नाही, आणि खरं सांगायचं तर करवतीचा आलेखही इथे थेट कामाला येत नाही. मात्र आलेखाची सवय असलेला पोरगा sin x ची लाट काढून तिच्यावर 1/2 आणि −1/2 उंचीला दोन आडव्या रेघा मारतो. 2 sin x ला −1 ते 1 मध्ये राहायचंय, म्हणजे लाट या दोन रेघांच्या मध्ये हवी. ती तशी असते π च्या प्रत्येक पटीच्या दोन्ही बाजूंना π/6 पर्यंत. डोमेन झालं: [nπ − π/6, nπ + π/6], n कोणताही पूर्णांक. अशा एकाच पट्ट्यात 2 sin x सगळी −1 ते 1 फिरून येतो, म्हणून रेंज पूर्ण [−π/2, π/2]. 2 च्या जागी 1/2 टाकलात तर नेमकं उलटं होतं: आतली किंमत कधीच 1/2 च्या वर जात नाही, म्हणून डोमेन सगळ्या वास्तव संख्या, पण रेंज आकसून [−π/6, π/6]. पट्टीवाली मुलं इथे सवयीने π/2 लिहून मोकळी होतात.

परीक्षा पंधरा दिवसांवर असेल आणि पट्टी पक्की बसली असेल तर तीच राहू द्या, बहुधा निभावेल. फक्त उत्तर लिहिण्याआधी कोन कोणत्या चरणात पडतो ते एकदा बघा. हाताशी दोन महिने असतील तर मी पुठ्ठा मागेन.