बायोएथिक्सचा निबंध तपासायचाय: मुद्द्यांची यादी घ्यायची की पातळ्या लावायच्या?

एटकॉम आल्यापासून आपल्या मेडिकल कॉलेजांमधे ज्याला त्याला कधी ना कधी एथिक्सचा लांब प्रश्न तपासावा लागतोय, आणि मग स्टाफरूममधे तोच वाद होतो. एक गट म्हणतो मॉडेल आन्सर काढा, मुद्दे पाडा, मुद्द्याला मार्क लावा, टिक करत चला. दुसरा म्हणतो उत्तर सलग वाचा आणि ते कुठल्या पातळीत बसतं ते ठरवा. मी इकडं मराठवाड्यात शिकवतो, दोन्ही प्रकारे पेपर तपासलेत, आणि ज्यांना आता यातलं एक निवडायचंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. दोन्ही पद्धती तुम्हाला साधारण माहीत आहेत असं धरून चालतो, त्यामुळं रुब्रिक म्हणजे काय वगैरे परत सांगत बसत नाही.

नुसतं तत्त्वावर बोलून फरक कळत नाही, म्हणून एकच केस घेऊ. आमच्याकडं ही केस काल्पनिक वाटत नाही, ओपीडीत बसलेल्या कुणालाही ओळखीची वाटेल. ऊसतोड करणारी बाई, वय २९, दोन लेकरं, नसबंदी झालेली. अंगावरून पांढरं जातंय, पाळीला रक्तस्राव जास्त होतोय, सोनोग्राफीत काही निघालं नाही. दिवाळीनंतर नवरा-बायकोला कोयत्यावर जायचंय, मुकादमाकडून उचल घेऊन झालीय, आणि एक दिवस कामावर नाही गेलं की खाडा पडतो, पैसे कापले जातात. ती म्हणते, डॉक्टर, पिशवीच काढून टाका, कायमची कटकट जाईल. प्रश्न असा की डॉक्टरनं काय करावं, कारणांसह लिहा, २० मार्क.

बीडमधला पिशव्या काढण्याचा विषय गाजला तेव्हा, २०१९ साली, राज्य सरकारनं समिती नेमली होती. जिल्ह्यात ८२ हजारांच्या वर ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यातल्या १३ हजारांच्या वर बायकांची पिशवी काढलेली निघाली. हे आमच्या लेकरांना माहीत असतं, बऱ्याच जणांच्या गावातलंच असतं, म्हणून मला हा प्रश्न आवडतो. पाठ केलेलं उत्तर आणि विचार केलेलं उत्तर यातला फरक इथं लगेच उघडा पडायला पाहिजे. पाहिजे म्हणतोय, कारण यादीनं तपासलं तर तो पडत नाही.

यादी साधारण अशी असते. स्वायत्तता, हित करणं, अहित न करणं, न्याय, या चार तत्त्वांना प्रत्येकी ३ मार्क: एक नाव घेतल्याचा, एक अर्थ सांगितल्याचा, एक केसशी जोडल्याचा. झाले १२. दोन्ही बाजू मांडल्याबद्दल ४, निर्णयाला २, कायदा किंवा नियमाचा उल्लेख २.

आता पहिला पेपर. अक्षर छान, चार हेडिंगं. स्वायत्ततेखाली लिहिलंय की पेशंटला स्वतःच्या शरीराबद्दल निर्णय घ्यायचा अधिकार असतो, या बाईलाही तो आहे. अहित न करणं याखाली, डॉक्टरनं पेशंटला इजा करू नये, ऑपरेशनमुळं या बाईला इजा होऊ शकते. न्यायाखाली, सगळ्यांना समान उपचार मिळाले पाहिजेत, ही बाई गरीब असली तरी तिलाही मिळाले पाहिजेत. शेवटी, सर्व तत्त्वांचा समतोल साधून डॉक्टरनं योग्य निर्णय घ्यावा. यादीनं याला ११, ३, १, १ असे मिळून १६ मार्क पडतात, आणि टिक करणाऱ्याचं काहीच चुकलेलं नसतं.

दुसरा पेपर जरा विस्कळीत, हेडिंगं नाहीत. पोरगी लिहिते की बाई मागतीय म्हणून ही तिची मर्जी आहे असं धरायचं असेल तर आधी तिला कळलं पाहिजे की पांढरं जाणं इन्फेक्शनचं असेल तर ते औषधानं बरं होतं, जास्त रक्तस्रावाला गोळ्या आहेत, हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू आहे, आणि पिशवीबरोबर अंडाशयं काढली तर तिशीच्या आतच पाळी जाऊन हाडं ठिसूळ होणं, हृदयाचा धोका वाढणं सुरू होतं. हे नवऱ्याला बाहेर बसवून सांगितलं पाहिजे. पण पुढं ती थांबून उलट प्रश्न घालते: ती गरीब आहे आणि तिच्यावर खाड्याचं दडपण आहे म्हणून तिचा निर्णय खराच नाही असं म्हणणं हे सुद्धा तिच्यावर आपली मर्जी लादणंच नाही का, तिच्या हिशोबात महिन्याचे ते तीन-चार दिवस म्हणजे खरा तोटा आहे आणि तो आपण भरून देणार नाही. मग ती ठरवते की आधी औषधोपचार, तपासायची तारीख कारखान्यावर जायच्या आधीची, आणि तरीही त्रास राहिला तर फक्त पिशवी, अंडाशयं ठेवून. आणि लिहिते की यात बाईचं या सीझनचं नुकसान होऊ शकतं, ती कंटाळून दुसरीकडं जाऊन ऑपरेशन करून घेऊ शकते, हे मला मान्य आहे.

हित करणं हे शब्द तिनं कुठंच लिहिले नाहीत, व्याख्या दोनच तत्त्वांच्या अर्धवट, कायद्याचा उल्लेख नाही. यादीनं तत्त्वांचे ७, दोन्ही बाजूंचे ४, निर्णयाचे २, एकूण १३.

माझं डोकं इथंच फिरलं, बाकी तक्रारी किरकोळ होत्या. केसशी जोडलं या एका मार्काचं काय करायचं तेच यादी सांगत नाही. पहिल्या पेपरात "ही बाई" हा शब्द आला की जोडलं झालं. मी एक साधी गोष्ट करून बघतो: परिच्छेदातून बाईला काढायचं आणि तिथं रक्त घ्यायला नकार देणारा ॲक्सिडेंटचा पेशंट बसवायचा. परिच्छेद जसाच्या तसा चालला तर तत्त्व लागू केलेलंच नाही, केसवर नुसतं चिकटवलंय. पहिल्या पेपरातले परिच्छेद असे आरामात चालतात. दुसऱ्यातलं अंडाशयांचं, खाड्याचं, नवऱ्याला बाहेर बसवायचं वाक्य दुसऱ्या कुठल्याच केसमधे बसत नाही, कारण तिनं स्वायत्तता या केसमधे नेमकं काय मागते ते उलगडलंय.

तोलण्याचंही तसंच. ही चार तत्त्वं बीचम आणि चिल्ड्रेस यांनी १९७९ साली मांडली तेव्हाही कुठलंच तत्त्व आपोआप वरचढ नाही असंच धरलं होतं, प्रत्येक तत्त्व पाळायचं असतं पण दुसऱ्याशी भिडलं तर तोलावं लागतं. म्हणजे एक तत्त्व मागं ठेवायचं असेल तर का, त्याला कमी धक्का लागेल असा दुसरा मार्ग होता का, आणि धक्का लागलाच तर तो कमीत कमी कसा ठेवणार, हे विद्यार्थ्यानं सांगितलं पाहिजे. "समतोल साधून योग्य निर्णय घ्यावा" यात यातलं काहीच नाही, पण यादीत निर्णय या खान्यात त्याला एक मार्क जातो.

पातळ्यांनी तपासताना मी २० चे तीन भाग करतो: लागू करणं ८, तोलणं ८, निर्णय वरच्या कारणांतून निघतो का ४. तोलण्याच्या खालच्या पातळीत (१-२) बाजू नुसत्या शेजारी ठेवलेल्या असतात. मधल्यात (३-५) विरुद्ध बाजू आहे पण लेचीपेची करून मांडलीय, म्हणजे "बाई अडाणी आहे म्हणून मागतीय" या थाटात. वरच्यात (६-८) विरुद्ध बाजूचा माणूस वाचून म्हणेल की हो, माझं म्हणणं हेच आहे, आणि निवडलेल्या निर्णयानं काय गमावलं ते लिहिलेलं असतं. पहिल्या पेपराला ३, २, २ मिळून ७. दुसऱ्याला ७, ७, ३ मिळून १७. त्या तीनचं कारण एवढंच की औषधानं फरक पडला की नाही हे कशावरून ठरवणार ते तिनं लिहिलं नव्हतं.

१६-१३ चं ७-१७ होतं. एवढा फरक दरवेळी पडेल असं नाही, मी मुद्दाम दोन टोकं घेतलीत.

आता यादीच्या बाजूनंही बोलायला पाहिजे, नाहीतर मीच एकतर्फी तोलतोय असं होईल. रिचेकिंगला पोरगं आलं की यादी हातात धरून दाखवता येतं, बघ बाबा, हा मुद्दा नाही म्हणून हा मार्क नाही. पाच-सहा जण पेपर वाटून घेणार असतील आणि एकत्र बसायला कुणाला वेळ नसेल तर यादीच बरी, कारण पातळ्यांमधे एकाचा ६ म्हणजे दुसऱ्याचा ४ होतोच. आणि ५ मार्कांची शॉर्ट नोट असेल, स्वायत्तता म्हणजे काय एवढंच विचारलं असेल, तर पातळ्या लावणं उगाच.

पातळ्यांचा खरा धोका वेगळाच आहे बरं का. तपासणाऱ्याचं स्वतःचं मत आत शिरतं. आमच्याकडं एका सहकाऱ्याला पिशव्या काढण्याचा इतका राग की "ऑपरेशन करावं" असा निर्णय दिसला की पातळी आपोआप खाली, मग कारणं कितीही नीट मांडलेली असोत. उलट मीही कधी कधी चांगल्या इंग्रजीला नकळत वरची पातळी देऊन बसतो की काय असं वाटतं. यावर आम्ही जे करतो ते असं: तपासायला बसायच्या आधी गठ्ठ्यातून उलट निर्णयाचे दोन चांगले पेपर शोधायचे, एक ऑपरेशन करा म्हणणारा, एक नको म्हणणारा. ते सगळ्यांनी आपापले तपासायचे, मार्क एकमेकांना न दाखवता कागदावर लिहायचे, मग उघडायचे. तोलण्याच्या आठात दोनपेक्षा जास्त फरक आला तर कुठल्या वाक्यामुळं तो आला ते बोट ठेवून दाखवायचं. बहुतेक वेळा भांडण निर्णयावरून असतं, वाक्यावर बोट ठेवताच येत नाही, आणि मग माणूस स्वतःच मार्क बदलतो. याला तासभर जातो खरा. तो तास काढणं शक्य नसेल तर पातळ्यांच्या नादी लागू नका असंच मी म्हणेन.

रिचेकिंगची भीती मात्र मला वाटायची त्यापेक्षा कमी निघाली. पेपरवर दोनच गोष्टी लिहायच्या: जिथं तत्त्व केसला खरंच भिडलं त्या वाक्याखाली रेघ, आणि विरुद्ध बाजू जिथं कच्ची सोडली तिथं समासात एक प्रश्न, उदाहरणार्थ "खाड्याचे पैसे कोण देणार?" पोरगं भांडायला येतं, तो प्रश्न वाचतं, आणि त्याच्यावर उत्तर द्यायला लागतं. कधी कधी ते उत्तर इतकं चांगलं असतं की पेपरातच का नाही लिहिलं रे असं होतं, पण मार्क पेपरातल्यालाच.

तुमचा गठ्ठा फार मोठा नसेल, तपासणारे दोघं-तिघं असतील आणि प्रश्न खरोखर पेच असलेला असेल तर मी पातळ्याच घ्या म्हणेन. आणि कॉलेजनं यादी सक्तीची केली असेल तर निदान त्यातले व्याख्यांचे चार मार्क काढून तोलण्याकडं वळवा, ४ चे ८ होतात, तेवढी मोकळीक बहुतेक ठिकाणी मिळते.