बेसलाइन बदलायची का, कधी, आणि जुनीचं काय करायचं? एकाच साइटवर तीन पर्याय लावून बघितले

शेड्यूल घसरलंय, मधेच क्लायंटने काम वाढवलंय आणि रिव्ह्यू मीटिंगच्या आदल्या दिवशी साहेब म्हणतात, "अरे ते सगळं लाल दिसतंय, नवीन बेसलाइन टाक ना." बेसलाइन म्हणजे सुरुवातीला मंजूर करून गोठवून ठेवलेलं शेड्यूल, चालू कामाची तुलना त्याच्याशीच होते. प्लॅनिंगमध्ये बसणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकलेलं असतं. मीही ऐकलं आणि एकदा निमूटपणे टाकलीसुद्धा, त्याचं काय झालं ते पुढे सांगतो. आधी एक साइट घेऊ आणि तिच्यावरच तिन्ही पर्याय लावून बघू. आकडे समजायला सोपे करून घेतलेत.

नाशिककडची तळमजला अधिक सात मजल्यांची बिल्डिंग. सुरुवात 1 एप्रिल, करारानुसार पूर्ण करायची तारीख पुढच्या वर्षीची 31 मे. ऑगस्टअखेर अपडेट केलं तर शेवट 25 जूनवर गेलेला, म्हणजे 25 दिवस उशीर आणि तो सगळा आपला, मे महिन्यात लेबर लग्नांसाठी गावाला गेलं ते वेळेत परत आलं नाही आणि शटरिंगचा दुसरा सेट उशिरा आला. त्यातच क्लायंटने अजून दोन मजले वाढवले. दोन्ही मजले क्रिटिकल पाथवरच येतात, म्हणजे ज्या कामांच्या साखळीवर शेवटची तारीख ठरते तिच्यातच, म्हणून 70 दिवसांची मुदतवाढ लेखी मंजूर झाली. आता करारातली तारीख झाली 9 ऑगस्ट, आणि आपलं शेड्यूल दाखवतंय 3 सप्टेंबर.

हे दोन आकडे लक्षात ठेवा. या दोन तारखांमधले 25 दिवस कुठे जातात, त्यावरच सगळं ठरतं.

पहिला पर्याय, बेसलाइनला हातच लावायचा नाही. अपडेट करत राहायचं आणि फरक दाखवायचा. इतिहास आपोआप शाबूत राहतो, कुणी बोट दाखवू शकत नाही. पण फरक दिसतो 95 दिवस, आणि त्यातले 70 क्लायंटचे आणि 25 आपले हे शेड्यूल स्वतःहून सांगत नाही, प्रत्येक मीटिंगला तोंडाने समजवावं लागतं. शिवाय नव्या दोन मजल्यांच्या कामांना बेसलाइनच नसते, त्या ओळींसमोर एमएस प्रोजेक्टमध्ये NA येतं. आणि दोन महिन्यांनी खरा धोका सुरू होतो. वरच्या मजल्यांचं प्रत्येक काम लालच दिसतं त्यामुळे कोणी लालकडे बघतच नाही, मग एखादं काम खरंच अजून 12 दिवस घसरलं तरी ते 95 चं 107 झालं एवढंच, कोणाच्या लक्षात येत नाही.

दुसरा पर्याय म्हणजे साहेबांचा. आजचं शेड्यूल जसं आहे तसं पूर्ण प्रोजेक्टची बेसलाइन म्हणून सेव्ह करायचं. दोन मिनिटांचं काम, सगळं हिरवं. पण होतं असं की बेसलाइनचा शेवट 3 सप्टेंबर होतो आणि फरक शून्य. आपले 25 दिवस गायब. करारातली तारीख मात्र 9 ऑगस्टच आहे आणि उशिराचा दंड 10 ऑगस्टपासून लागणार आहे. साइटवरचे लोक हिरवा रिपोर्ट बघून निवांत, आणि 25 दिवसांचा दंड समोर उभा. माझ्याबाबतीत हेच झालं होतं, मार्चमध्ये बिलिंगवाल्याने विचारलं की आपण वेळेत आहोत ना, मी रिपोर्ट बघून हो म्हटलं.

यातला अजून एक घोळ पटकन दिसत नाही, तो पैशात दिसतो. समजा ऑगस्टअखेर 4 कोटींचं काम व्हायला हवं होतं आणि झालं 3.4 कोटींचं, म्हणजे SPI, झालेलं काम भागिले ठरलेलं काम, 0.85. सप्टेंबरमध्ये 80 लाखांचं ठरलं होतं आणि झालं 68 लाखांचं, म्हणजे टीम त्याच संथ गतीने चालली आहे. जुन्या बेसलाइनवर हिशोब 4.08 भागिले 4.8, येतात 0.85. पूर्ण बेसलाइन नवीन टाकली असेल तर मागचं ठरलेलं आणि झालेलं दोन्ही 3.4 धरलं जातं, मग 4.08 भागिले 4.2, येतात 0.97. गती तीच, काम तेच, आकडा मात्र जवळपास पास झाल्यासारखा. आणि मागचा भाग शून्य फरकाचा असल्यामुळे पुढचे कित्येक महिने तो आकडा फुगलेलाच राहतो.

तिसरा पर्याय, म्हणजे मंजूर झालेला बदल तेवढाच बेसलाइनमध्ये घालायचा. आधीचं जसं होतं तसं, नव्या मजल्यांनंतरचं 70 दिवसांनी सरकवलेलं, बेसलाइनचा शेवट 9 ऑगस्ट. मग फरक येतो बरोबर 25 दिवस, जो खरंच आपला आहे. SPI पण 0.85 च राहतो कारण सप्टेंबरअखेरपर्यंतचं ठरलेलं काम बदललेलंच नाही.

| | हात न लावणं | पूर्ण नवीन | फक्त मंजूर बदल |
|---|---|---|---|
| बेसलाइनचा शेवट | 31 मे | 3 सप्टेंबर | 9 ऑगस्ट |
| दिसणारा फरक | 95 दिवस | 0 | 25 दिवस |
| सप्टेंबरअखेर SPI | 0.85 | 0.97 | 0.85 |
| लागणारा वेळ | काहीच नाही | 2 मिनिटं | एक-दोन दिवस |

शेवटच्या ओळीमुळेच लोक तिसरा करत नाहीत. कारण आजच्या चालू फाइलमधून ही बेसलाइन थेट काढता येत नाही, त्या फाइलमधल्या पुढच्या प्रत्येक तारखेत आपला 25 दिवसांचा उशीर आधीच मुरलेला असतो. एमएस प्रोजेक्टमध्ये फक्त नव्या कामांना Selected tasks ने बेसलाइन दिली तरी त्यांच्यात तो उशीर येतोच. म्हणून मंजूर झालेल्या पहिल्या शेड्यूलची, प्रोग्रेस शून्य असलेली कॉपी उघडायची, त्यात दोन मजल्यांची कामं लिंकसकट घालायची आणि शेवट 9 ऑगस्ट येतो का बघायचं. येत नसेल तर एकतर लिंक चुकलीये किंवा मुदतवाढ मागताना दाखवलेलं शेड्यूल वेगळं होतं, ते आधी शोधा.

प्रायमाव्हेरा पी6 मध्ये हे जरा सोपं, कारण तिथे बेसलाइन म्हणजे प्रोजेक्टची लिंकसकट पूर्ण कॉपीच असते. Maintain Baselines मध्ये जाऊन जुनी Restore केली की ती वेगळा प्रोजेक्ट होते, पण आधी तिची एक कॉपी बेसलाइन म्हणून शिल्लक ठेवा. Restore केलेल्यात बदल घालायचे आणि तो परत चालू प्रोजेक्टची बेसलाइन म्हणून Convert करायचा. अॅक्टिव्हिटी आयडी दोन्हीकडे तेच हवेत, नाहीतर नव्या मजल्यांच्या ओळींसमोर रिकामे बार दिसतात. एमएस प्रोजेक्टमध्ये अशी सोय नाही, मी कामांचा क्रम दोन्हीकडे सारखा ठेवून तारखा Baseline Start आणि Baseline Finish कॉलममध्ये पेस्ट करतो. त्याने फक्त तारखा जातात, महिन्यानुसार वाटलेला खर्च जात नाही, त्यामुळे SPI चा हिशोब मी एक्सेलमध्ये वेगळा ठेवतो. जुगाडच आहे, पण चालतो.

आता कधी करायचं. माझ्याकडे दोनच प्रश्न आहेत. बदल कागदावर मंजूर आहे का? आणि त्याने शेवटची तारीख किंवा कामाची व्याप्ती खरंच हलते का? दोन्हीला हो असेल तरच. फक्त उशीर झालाय म्हणून बेसलाइन बदलणं हे कारण होत नाही, उशीर दाखवायलाच तर ती ठेवलेली असते. एखाद्या मजल्यावर टाइल्सचा प्रकार बदलला आणि त्या कामाला भरपूर फ्लोट आहे, म्हणजे ते लांबलं तरी शेवटची तारीख हलत नाही, तर लॉगमध्ये नोंद करा आणि पुढच्या मोठ्या बदलासोबत एकदम घाला, दर महिन्याला नवीन बेसलाइन आली की कुठल्या बेसलाइनशी तुलना चाललीये हेच कुणाला कळेनासं होतं.

मुदतवाढीचं पत्र अडकलेलं असेल (आणि ते अडकतंच) तर थांबा. तोपर्यंत जुनीच बेसलाइन ठेवून वेगळ्या कॉपीत मागितलेली तारीख दाखवा, रिपोर्टमध्ये दोन्ही द्या. आपण 70 मागितले म्हणून 70 दिवसांची बेसलाइन टाकली आणि मिळाले 45, तर परत मागे यायला फार त्रास होतो. घरं विकली जाणारा प्रोजेक्ट असेल तर रेराची तारीख अजून वेगळी, आपल्या बेसलाइनने किंवा क्लायंटच्या पत्राने ती हलत नाही, तिची वाढ वेगळी मागावी लागते.

मग पूर्ण नवीन बेसलाइन कधीच नाही का? एका परिस्थितीत आहे. उशीर इतका झालाय की 9 ऑगस्ट कोणत्याच मार्गाने शक्य नाही आणि साइटला रोज मोजायला एक खरं लक्ष्य हवंय. तेव्हा क्लायंटला लेखी सांगून, करारातली तारीख वेगळा माइलस्टोन म्हणून शेड्यूलमध्ये तशीच ठेवून, 3 सप्टेंबरची बेसलाइन टाकता येते. गुपचूप टाकलेली आणि सांगून टाकलेली यात एवढाच फरक, पण तोच नंतर भांडणात कामी येतो. गुपचूप टाकलेली ओळखता येते बरं का. संपलेल्या कामांची Actual Finish आणि Baseline Finish शेजारी लावा, 40 च्या 40 कामं दिवसाला दिवस जुळत असतील तर ती बेसलाइन नंतर टाकलेली आहे, कारण तितकी वेळेवर चालणारी साइट मी तरी बघितलेली नाही.

इतिहासाचं सांगायचं तर एमएस प्रोजेक्टमध्ये 11 जागा असतात, Baseline आणि मग Baseline 1 ते Baseline 10. फरकाचे कॉलम साध्या Baseline वरच चालतात, त्यामुळे नवीन टाकली की जुनी तिथेच पुसली जाते. यासाठी पहिल्याच दिवशी तीच बेसलाइन दोन ठिकाणी सेव्ह करायची, Baseline मध्ये आणि Baseline 1 मध्ये. पुढचा बदल Baseline आणि Baseline 2 मध्ये. मी हे केलं नव्हतं. नंतर Set Interim Plan ने वाचवायला गेलो, पण त्यात फक्त तारखा कॉपी होतात, तास आणि खर्च नाही, आणि तोपर्यंत तसाही उशीर झाला होता.

आणि या जागांमध्ये लिंक सेव्ह होत नाहीत. कोणतं काम कोणानंतर होतं हे बेसलाइनला माहीतच नसतं, फक्त तारखा, कालावधी, काम, खर्च. दोन वर्षांनी कोणी विचारलं की लिफ्टचं काम तेव्हा कशाला जोडलेलं होतं, तर उत्तर फक्त त्या दिवशीच्या .mpp फाइलमध्ये असतं. म्हणून प्रत्येक बेसलाइनची फाइल नाव आणि तारखेसकट वेगळी ठेवा, सही झालेली पीडीएफ सोबत. पी6 वाले, बॅकअप म्हणून फक्त XER पाठवत असाल तर त्यात बेसलाइन जात नाही, XML मध्ये बेसलाइन टिक करून पाठवा.

लॉगची एक ओळ पुरते, आमच्या साइटची अशी होती: बेसलाइन 2, दोन मजले वाढले, मुदतवाढ पत्राचा क्रमांक आणि तारीख, शेवट 31 मे वरून 9 ऑगस्ट, बदलाच्या दिवशी आपला स्वतःचा उशीर 25 दिवस. तो 25 चा आकडा त्याच दिवशी लिहा. तीन महिन्यांनी तो कोणालाच आठवायचा नसतो.