सेल्फ-बिलिंगमध्ये आमच्याच नावाने निघालेली, पण आम्हाला कधीच न मिळालेली इन्व्हॉइस

आमचा छोटा व्यवसाय लेथ मशिनवर निघणारा धातूचा कीस गोळा करून तो वितळवणाऱ्या कारखान्याला विकण्याचा आहे. या मालात यंत्राचे तेल आणि पाणी मिसळलेले असल्यामुळे गाडी निघताना तिचे खरे मूल्य कोणालाच ठरवता येत नाही. खरेदीदाराच्या वजनकाट्यावर वजन होते, नमुना तापवून ओलावा मोजला जातो आणि त्यानंतरच रक्कम निश्चित होते. त्यामुळे इन्व्हॉइस पुरवठादाराने न काढता खरेदीदाराने त्याच्या वतीने काढायचे, ही सेल्फ-बिलिंगची पद्धत या व्यवसायात सोयीची ठरते. व्यवस्था म्हणून तिच्यात काही गैर नाही. आमची फसवणूक मात्र याच व्यवस्थेच्या आडून झाली, आणि ती कशी झाली हे अशा करारावर सही करू पाहणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावे म्हणून हे लिहीत आहे.

पहिली गोष्ट ध्यानात घ्यायला हवी ती अशी की कागद खरेदीदार तयार करत असला, तरी त्या कागदावरचा विक्रीकर भरण्याची जबाबदारी पुरवठादाराचीच राहते. खरेदीदार त्याच इन्व्हॉइसच्या आधारे भरलेल्या कराची वजावट मागतो. म्हणजे एकाच कागदावर एकाचे देणे आणि दुसऱ्याचे येणे उभे असते, आणि तो कागद लिहिण्याचा अधिकार ज्याला येणे आहे त्याच्याकडे असतो. म्हणूनच युरोपीय संघाच्या व्हॅट निर्देशात आधी करार असावा आणि प्रत्येक इन्व्हॉइस पुरवठादाराने स्वीकारण्याची ठरलेली पद्धत असावी, अशा दोन्ही अटी आहेत. ऑस्ट्रेलियात अशा इन्व्हॉइसची प्रत 28 दिवसांत पुरवठादाराला द्यावी लागते. आमच्या करारात प्रत देण्याची अट होती. प्रत मिळाली नाही तर काय, याबद्दल मात्र एक शब्दही नव्हता.

फसवणुकीचा पहिला भाग वजनाचा होता. एका गाडीचे उदाहरण देतो. भरलेल्या गाडीचे वजन 24,180 किलो, रिकाम्या गाडीचे 9,640 किलो, म्हणजे माल 14,540 किलो. ओलावा 3 टक्के निघाला, त्याचे 436 किलो वजा होऊन देय वजन 14,104 किलो झाले. इथपर्यंत सर्व करारानुसार होते. हिशेब सोपा व्हावा म्हणून त्या आठवड्याचा ठरलेला दर किलोला 100 मानू. इन्व्हॉइसवर मात्र दर 97 लावला होता, आणि खुलासा विचारल्यावर ‘दर्जा समायोजन’ असे उत्तर आले. तो दर्जा म्हणजे तोच 3 टक्के ओलावा होता. एकच कपात आधी वजनातून आणि पुन्हा दरातून झाली होती, आणि या दुसऱ्या कपातीमुळे प्रत्येक गाडीमागे सुमारे 423 किलो मालाचे पैसे गायब होत होते.

हे सहज दिसत नव्हते, याचे कारण दर दर आठवड्याला बाजारानुसार बदलतो, आणि इन्व्हॉइसवर फक्त अंतिम वजन आणि अंतिम दर छापला जात असे. एकूण वजन, ओलाव्याची टक्केवारी आणि मूळ दर यांपैकी काहीच त्यावर नसे. 97 हा आकडा त्यामुळे बाजारभाव किंचित उतरल्यासारखा वाटे. आमचे हिशेब पाहणाऱ्या बाईंनी काट्याची पावती, ओलाव्याचा अहवाल आणि आठवड्याच्या दराचे पत्र इन्व्हॉइसशेजारी ठेवून गुणाकार केला, तेव्हा तफावत उघडी पडली. या तीन कागदांपैकी एक जरी नसता, तरी ती सापडली नसती.

तक्रार केल्यावर करारातल्या एका वाक्यावर बोट ठेवण्यात आले: सात दिवसांत लेखी हरकत न आल्यास इन्व्हॉइस मान्य समजले जाईल. अशी अट असणे स्वाभाविक आहे, कारण खरेदीदारालाही हिशेब कधीतरी बंद करावा लागतो. परंतु हे सात दिवस इन्व्हॉइसवरच्या तारखेपासून मोजले जात होते, आणि इन्व्हॉइस आमच्याकडे अनेकदा सहाव्या दिवशी पोहोचत असे. शेवटी ज्यांची मुदत शिल्लक होती त्याच गाड्यांसाठी पुरवणी इन्व्हॉइस काढून फरक मिळाला. आधीचे पैसे गेले ते गेलेच.

दुसरा भाग याहून गंभीर होता. खरेदीदार आमच्यासाठी वेगळी क्रमांक मालिका चालवत असे. ती जुळवताना 42 नंतर थेट 44, आणि पुढे आणखी दोन ठिकाणी खंड दिसले. मधली इन्व्हॉइस चुकून तयार झाली आणि रद्द केली, असे ई-मेलवर कळवण्यात आले. रद्द झालेला क्रमांकही नोंदवहीत कारणासह दिसला पाहिजे, तो उतारा पाठवा, असे आम्ही लेखी मागितले. उत्तर आले नाही. पुढे करखात्याचे पत्र आले: खरेदीदाराने वजावट मागितलेल्या तीन इन्व्हॉइसवरचा कर आमच्या विवरणपत्रात का नाही? ती तीन इन्व्हॉइस म्हणजे नेमके तेच तीन क्रमांक होते. न आलेल्या मालाची बिले आमच्या नावाने आणि आमच्या नोंदणी क्रमांकावर काढून त्यांवरचा कर वजावटीत घेतला गेला होता.

त्या वेळी उपयोगी पडले ते आमचे म्हणणे नव्हे, तर कागदांचा अभाव. त्या क्रमांकांसाठी काट्याची पावती नव्हती, गाडी सुटल्याची नोंद नव्हती आणि बँकेत रक्कम आलेली नव्हती. त्यात खंडांबद्दल विचारणा करणारे आमचे जुने ई-मेल होते, ज्यांवरची तारीख करखात्याच्या पत्राच्या आधीची होती. या आधारावर आमच्यावरची मागणी मागे घेण्यात आली.

प्रामाणिक खरेदीदारालाही या व्यवस्थेत धोका असतो, हे इथे सांगायला हवे. पुरवठादाराची नोंदणी मध्येच रद्द झाली असेल, तर त्याच्या नावाने दाखवलेल्या कराची वजावट अडचणीत येते. पुरवठादाराने त्याच मालाचे स्वतःचेही इन्व्हॉइस काढले, तर एकाच विक्रीचे दोन कागद उभे राहतात. म्हणून चांगला खरेदीदार ठरावीक काळाने नोंदणी तपासतो, आणि कराराच्या काळात स्वतंत्र इन्व्हॉइस काढणार नाही अशी लेखी हमी घेतो. आमच्या आताच्या खरेदीदाराने ही हमी मागितली तेव्हा आम्ही ती आनंदाने दिली आणि बदल्यात आमच्या अटी घातल्या. इन्व्हॉइसवर एकूण वजन, ओलावा, मूळ दर आणि प्रत्येक कपात वेगळ्या ओळीत दिसते. हरकतीची मुदत प्रत आमच्या हाती पडल्यापासून मोजली जाते. महिनाअखेरीस खरेदीदार आमच्या मालिकेतील पहिल्यापासून शेवटच्या क्रमांकापर्यंतची यादी रद्द क्रमांकांसह पाठवतो, आणि ती काट्याच्या पावत्यांशी जुळल्यानंतरच आम्ही त्या महिन्याचे विवरणपत्र भरतो.