चालू काउंटर वाचायचा कसा: पुन्हा वाचून की लॅच लावून?

मित्रा,

काउंटर 16 बिटांचा आणि बस 8 बिटांची, म्हणून दोनदा वाचावं लागतं. मधल्या वेळात तो पुढे सरकतो. समज, वरचा बाइट 0x01 वाचलास, तेवढ्यात 0x01FF चं 0x0200 झालं आणि खालचा 0x00 आला. हातात 0x0100, म्हणजे वेळ 256 टिकांनी मागे! खालचा आधी वाचलास तर 0x02FF, तितकंच चुकीचं, फक्त पुढे. लॉगमध्ये अधूनमधून 256च्या आसपासच्या उड्या दिसल्या की हेच समज.

पहिला उपाय तुझ्या हातातला:

```c
do {
    h = CNT_H;
    l = CNT_L;
} while (h != CNT_H);
```

चिपमध्ये काही बदलावं लागत नाही, मध्ये इंटरप्ट आला तरी सहसा बिघडत नाही. रजिस्टरं `volatile` हवीत, नाहीतर कंपायलर दुसरं वाचन गाळून टाकेल. वेळ मात्र ठरलेला नाही. आणि लूपच्या एका फेरीपेक्षा लवकर 256 टिका होत असतील, तर तो संपेलच याची खात्री नाही.

दुसरा उपाय माझ्याकडचा: खालचा बाइट वाचताक्षणी वरचा लॅचमध्ये पकडायचा. खर्च आठ फ्लिपफ्लॉपचा, वाचनं दोनच, वेळ ठरलेला. पण क्रम पाळायलाच हवा. शिवाय लॅच एकच असल्यामुळे मध्येच इंटरप्टने तोच काउंटर वाचला, तर तुझा वरचा बाइट गेला. तेवढ्यापुरते इंटरप्ट बंद ठेवावे लागतील, आणि नेमकं तेच लोक विसरतात.

तयार बोर्डावर आणि संथ काउंटरसाठी लूपच वापर. वेगवान काउंटर किंवा काटेकोर वेळ हवा असेल, तर पुढच्या चिपमध्ये लॅच घालतो. काउंटरचं क्लॉक बसपेक्षा वेगळं असेल तर मात्र एकेक बाइटसुद्धा फाटका येऊ शकतो. तिथे आधी सिंक्रोनायझेशन मलाच करावं लागेल.