एक-चौदावर नाव होतं, तरी प्लॉट गेला: म्हापशाजवळच्या व्यवहारात म्युटेशन न वाचल्याने झालेली फसवणूक

गोव्यात गावाकडची जमीन घेताना विकणारा पहिल्यांदा पुढे करतो तो फॉर्म १ व १४ चा उतारा. आपण सगळे त्याला एक-चौदा म्हणतो. कब्जेदाराच्या रकान्यात विकणाऱ्याचं नाव दिसलं की निम्मा विश्वास तिथेच बसतो. पुढची फसवणूक याच विश्वासावर झाली. कुणाची ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव देत नाही आणि सर्व्हे नंबरही बदलला आहे.

बार्देशमधल्या एका गावात, म्हापशापासून थोड्याच अंतरावर, एका जोडप्याने ३०० चौरस मीटरचा प्लॉट घेतला. सर्व्हे नंबर ४५, उपविभाग ३. उताऱ्यावर क्षेत्र 0000.21.50 असं छापलेलं होतं. हे हेक्टर, आर आणि चौरस मीटर या क्रमाने वाचायचं, म्हणजे एकूण २,१५० चौरस मीटर. इथेच पहिली खूण होती. प्लॉट ३०० मीटरचा आणि उतारा २,१५० मीटरचा, म्हणजे प्लॉटला स्वतःचा उपविभाग नव्हता. कागदावर चौकोन आखून, चुन्याची फक्की मारून दाखवलेली ती न वाटलेल्या भाटातली, म्हणजे सामाईक बागायतीतली एक जागा होती.

कब्जेदारांच्या रकान्यात चार नावं होती. पहिली तीन सख्ख्या भावांची आणि त्यांच्यासमोर म्युटेशन नंबरचा, म्हणजे फेरफार नोंदीच्या क्रमांकाचा रकाना रिकामा. याचा अर्थ ही नावं मूळ सर्व्हे जाहीर झाला तेव्हापासून चालत आली आहेत. चौथं नाव विकणाऱ्याचं आणि फक्त त्याच्यासमोर म्युटेशन नंबर. तो मधल्या काळात, कुठल्या तरी कागदाच्या आधाराने आत आला होता. तो कागद कोणता, हे एक-चौदा सांगत नाही. कोणाचा हिस्सा किती, हेही सांगत नाही. चार नावं म्हणजे चार सारखे भाग, असं त्या जोडप्याने धरलं आणि २,१५० ला चाराने भागून ५३७ मीटर काढले. त्यातले ३०० आपल्याला सहज मिळतील, असा हिशेब झाला.

म्युटेशन नंबर घेऊन मामलेदार कचेरीत गेलं की दोन गोष्टींचा अर्ज करायचा असतो. पहिली म्हणजे फॉर्म ९, म्युटेशनच्या नोंदवहीचा उतारा. त्यात हक्क कशाने मिळाला, कुठल्या सर्व्हे नंबरांवर परिणाम झाला आणि नोंद कोणी प्रमाणित केली हे दिसतं. दुसरी आणि जास्त महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्या म्युटेशनची पूर्ण फाइल: अर्ज, जोडलेलं खरेदीखत आणि कोणाकोणाला नोटीस गेली, ती कोणी घेतली याची पानं. बहुतेक लोक फॉर्म ९ वर थांबतात. फसवणूक फाइलीत सापडते.

या फाइलीत एक खरेदीखत होतं. तीन भावांपैकी मधला वारला होता आणि त्याच्या मुलाने ३०० मीटर या विकणाऱ्याला विकले होते. खतावर सही फक्त मुलाची आणि त्याच्या बायकोची. मयताची बायको हयात होती, दोन मुलीही होत्या. त्यांच्या सह्या नव्हत्या. वारसदार ठरवणारा वारसाहक्काचा दस्त नव्हता आणि इन्व्हेंटरीचा, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटून देणाऱ्या न्यायालयीन कामाचा निकालही जोडलेला नव्हता.

आता खरा हिशेब मांडून बघा. तीन भावांचे सारखे भाग धरले तर मधल्याच्या वाट्याला साधारण ७१६ मीटर येतात. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर गोव्याच्या कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात, म्हणून त्यातले अर्धे, ३५८ मीटर, बायकोचे. उरलेल्या अर्ध्याचे तीन मुलांत तीन भाग केले की एकाला सुमारे ११९ मीटर येतात, आणि तेही न वाटलेले, कुठल्या कोपऱ्यातले ते न ठरलेले. मुलाने ३०० मीटर विकले, तेही रस्त्याला लागून असलेले.

मग मामलेदाराकडे म्युटेशन झालं कसं, हा प्रश्न सगळे विचारतात. उत्तर नोटिशींच्या पानांवर होतं. नोटीस जाते ती दप्तरी नाव असलेल्यांना. बापाच्या मृत्यूनंतर कुणी वारसांची नावं लावलीच नव्हती, त्यामुळे विधवा आणि मुली दप्तरात नव्हत्याच. थोरल्या भावाने नोटीस घेऊन हरकत घेतली नाही, धाकटा परदेशात. हरकत आली नाही आणि नोंद प्रमाणित झाली. मयताचं नाव मात्र तसंच राहिलं, कारण विक्री काही भागाचीच होती. कब्जेदारांत कोण हयात आहे आणि कोण नाही, हे गावात तलाठ्याला किंवा शेजाऱ्याला विचारलं असतं तरी हा धागा हाती लागला असता.

जोडप्याचं खरेदीखत सब-रजिस्ट्रारकडे रीतसर नोंदलं गेलं. पण तिथली नोंदणी म्हणजे मालकीची तपासणी नव्हे, हे ध्यानात ठेवायला हवं. पुढे त्यांनी आपल्या नावाच्या म्युटेशनचा अर्ज केला आणि प्लॉटला कुंपणाचे खांब घातले. खांब दिसताच थोरल्या मुलीने हरकत घेतली. प्रकरण वादग्रस्त नोंदींच्या वहीत गेलं आणि मालकीचा प्रश्न दिवाणी न्यायालयात. वेगळा उपविभाग होईना, बांधकामासाठी जमीन रूपांतराची सनद मिळेना. विकणारा "माझं नाव उताऱ्यावर होतं" एवढंच म्हणत राहिला. ते खरंही होतं. जमीन महसूल संहितेनुसार दप्तरातली नोंद खरी मानली जाते, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. ती मालकीचा पुरावा नाही.

विकणाऱ्याने दाखवलेला उतारा जुना असेल तर तो बाजूला ठेवा आणि स्वतः ताजा काढा. त्याच सर्व्हे नंबरावर एखादं म्युटेशन प्रलंबित किंवा वादात आहे का, हे कचेरीत वेगळं विचारा. छापील उताऱ्यावर ते कळेलच असं नाही. जुना हाताने लिहिलेला एक-चौदाही मागा, म्हणजे सुरुवातीला कोण होतं आणि कोण कधी आत आलं ते जुळवता येतं. शिवाय कुळाचा आणि इतर हक्कांचा रकानाही वाचा. तिथे मुंडकाराचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत संमतीने राहणाऱ्याचं घर किंवा कुळाचं नाव असेल, तर विकणाऱ्याची बाजू कितीही स्वच्छ असली तरी तो व्यवहार वकिलाने तपासल्याशिवाय पुढे नेऊ नका. कुळ कायद्याने कुळाच्या मालकीची झालेली जमीन १९९१ च्या जमीन वापर कायद्यामुळे शेतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. तिथे घराचं स्वप्न बघण्यात अर्थ नाही.

वारसांची जमीन असेल तर बयाणा देण्याआधी वारसाहक्काचा दस्त किंवा इन्व्हेंटरीचा अंतिम आदेश हातात घ्या. त्यातलं प्रत्येक नाव आणि त्यांचे नवरा-बायको खरेदीखतावर सही करणार आहेत का, ते एकेक करून जुळवा. परदेशी असलेल्याचं मुखत्यारपत्र असेल तर त्यात ही जमीन विकण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलेला आहे का ते बघा. सगळ्यांत सुरक्षित म्हणजे आधी वाटणी, मग मोजणी, मग प्लॉटला स्वतंत्र उपविभाग, आणि त्यानंतर खरेदीखत. विकणारा म्हणेल की याला फार वेळ लागतो. लागतोच. तोवर त्याला पैसे देऊ नका.