सबस्क्रिप्शन आणि हप्त्यांची नोंद ठेवणारे ॲप: वार्षिक बेरजेवर कितपत विसंबावे?

हे ॲप मी २०२५ च्या गणपतींपासून वापरते आहे. मुलुंडच्या आमच्या घरात मोबाईलची रिचार्जे, ओटीटी, फोटो साठवण्याची जागा, अँटीव्हायरस, आरोग्य विम्याचा हप्ता, सोसायटीचे तिमाही देखभाल शुल्क, मुलीच्या क्लासची फी आणि यजमानांचा लोकलचा तिमाही पास एवढ्या नोंदी त्यात आहेत. दिसायला ॲप सुटसुटीत आहे आणि नोंद करण्यास अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागत नाही, त्यामुळे त्याविषयी अधिक लिहीत नाही. अशा ॲपची खरी परीक्षा त्याने दाखवलेली वार्षिक बेरीज आणि पुढची तारीख कितपत खरी निघते यावर होते, आणि या दोन्ही गोष्टी आपण नोंद कशी करतो यावर अपेक्षेपेक्षा फारच अधिक अवलंबून आहेत.

सर्वांत आधी आवर्तनाचा प्रश्न. नवी नोंद करताना ॲप ‘दर महिन्याला’ हा पर्याय आपणहून निवडून ठेवते. सोसायटीची वर्गणी, ओटीटी किंवा लोकलचा पास यांना महिन्यांचा हिशोब लागू पडतो. १२ जानेवारीला काढलेला तिमाही पास ११ एप्रिलपर्यंत चालतो, मधल्या महिन्यांत दिवस किती आहेत याचा त्याच्याशी संबंध नसतो. मोबाईलचे बहुतेक प्रीपेड प्लॅन मात्र महिन्यांवर चालत नाहीत, दिवसांवर चालतात. समजा २८ दिवसांच्या रिचार्जचे ३०० रुपये होतात. ही नोंद मासिक म्हणून केली तर ॲप वर्षाचा खर्च ३,६०० रुपये दाखवते. प्रत्यक्षात २८ दिवसांची १३ आवर्तने मिळून ३६४ दिवस होतात, म्हणजे साधारण वर्षात ३,९०० रुपये जातात. शिवाय पहिले रिचार्ज १ जानेवारी २०२६ रोजी केले असेल, तर चौदावे त्याच वर्षी ३१ डिसेंबरला येते आणि त्या वर्षाचा आकडा ४,२०० होतो. यावरचा उपाय ॲपमध्येच आहे: आवर्तनाच्या यादीत अगदी तळाशी ‘कस्टम’ आहे, तेथे दिवसांची संख्या भरता येते. तो पर्याय इतका खाली का ठेवला असावा हे मला कळलेले नाही, कारण आपल्याकडे ज्या नोंदी प्रत्येक घरात असणारच त्यांनाच तो लागतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला ३० दिवसांचा आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारा असे किमान एकेक प्लॅन ठेवणे बंधनकारक केले. तसा प्लॅन घेतला असेल तरच ‘दर महिन्याला’ हे योग्य ठरते, आणि ३० दिवसांचा प्लॅनही मासिक नव्हे, हे येथे लक्षात ठेवावे लागते.

८४ दिवसांच्या प्लॅनमध्ये ही गंमत अधिक ठळक दिसते. मुलीच्या मोबाईलचे रिचार्ज २० जानेवारीला झाले. त्यापुढच्या तारखा १४ एप्रिल, ७ जुलै, २९ सप्टेंबर आणि २२ डिसेंबर अशा येतात. म्हणजे २०२६ मध्ये पाच वेळा पैसे जाणार. हेच रिचार्ज ३० जानेवारीला झाले असते तर पाचवी पाळी १ जानेवारी २०२७ रोजी आली असती आणि २०२६ च्या खात्यात चारच पडली असती. एका रिचार्जचे ८५९ रुपये धरले तर हा फरक ३,४३६ आणि ४,२९५ रुपयांचा आहे. ॲपच्या मुख्य पडद्यावर मात्र सुमारे ३,७३३ रुपये दिसतात, कारण तेथील आकडा ३६५ भागिले ८४ असा सरासरीने काढलेला असतो. हा आकडा चुकीचा नाही, परंतु तो कोणत्याही एका वर्षी आपल्या खात्यातून जात नाही. दोन प्लॅनची तुलना करायची असेल तर सरासरीच पाहावी. पैशांची तजवीज करायची असेल तर ‘पुढील १२ महिने’ हा दुसरा पडदा उघडावा, तेथे प्रत्येक तारीख आणि तिची रक्कम ओळीने मांडलेली असते. हे दोन वेगळे आकडे आहेत असे ॲप कोठेही स्पष्ट सांगत नाही आणि दोन्हींच्या डोक्यावर ‘वार्षिक खर्च’ असेच लिहिलेले आहे. माझ्या मते या ॲपचा हा सर्वांत मोठा दोष आहे.

महिन्याच्या अखेरच्या तारखांबाबत एक सूचना. ३१ तारखेला सुरू झालेली मासिक नोंद फेब्रुवारीत २८ वर येते, हे ठीकच. पण त्यानंतर माझ्याकडे ती मार्चमध्येही २८ वरच राहिली, कारण ॲप पुढची तारीख मूळ तारखेवरून न काढता मागच्या तारखेवरून काढते. फेब्रुवारी संपला की २९, ३० आणि ३१ तारखांच्या नोंदी एकदा तपासाव्यात. तारीख हाताने दुरुस्त केली की २९ आणि ३० च्या नोंदी पुढच्या फेब्रुवारीपर्यंत हलत नाहीत, ३१ ची नोंद मात्र एप्रिलमध्ये ३० वर येते आणि तेथेच राहते.

आता स्मरणाच्या वेळेविषयी. ॲप मुळात एक दिवस आधी सूचना देते. कार्ड किंवा यूपीआयवरून आपोआप जाणाऱ्या रकमेची पूर्वसूचना किमान २४ तास आधी मिळाली पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहेच, त्यामुळे बँकेचा संदेश आणि ॲपची सूचना एकाच वेळी येऊन पडतात आणि दुसरीचा काही उपयोग राहत नाही. मी सर्व नोंदींची सूचना पाच दिवसांवर नेली. सेवा बंद करायची की नाही हे घरात विचारून ठरवायला आणि बंद करायची असल्यास प्रत्यक्ष बंद करायला तेवढा अवधी लागतो. ॲपलच्या सदस्यता तर पुढचे आवर्तन सुरू होण्याच्या किमान २४ तास आधी रद्द कराव्या लागतात, आणि मोबाईलमधून एखादे ॲप काढून टाकल्याने त्याची वर्गणी थांबत नाही. त्याचप्रमाणे या ट्रॅकरमधील नोंद पुसल्याने मॅन्डेट, म्हणजे पैसे आपोआप घेण्यासाठी आपण दिलेली संमती, रद्द होत नाही. यूपीआयचे मॅन्डेट आपल्या यूपीआय ॲपच्या ऑटोपे विभागात जाऊनच बंद करावे लागते. आमच्याकडे मॅन्डेट ज्या खात्यावर किंवा कार्डावर आहे त्याचे नाव प्रत्येक नोंदीच्या टिपणात लिहिलेले असते, नाहीतर ऐनवेळी ते नेमके कोठे शोधायचे हेच आठवत नाही.

याच संदर्भात एक भेद असा आहे की जो ॲपला कळत नाही, आपल्याला ठाऊक असावा लागतो. क्लासची तिमाही फी १८,००० रुपये आहे आणि ती कार्डावरील मॅन्डेटने भरली जाते. नेहमीच्या ऑटो-पेची विना-ओटीपी मर्यादा १५,००० रुपये असल्याने दर वेळी कोणीतरी ओटीपी द्यावा लागतो. तो दिला नाही तर पैसे जातच नाहीत. आरोग्य विम्याचा हप्ता त्याहून मोठा असूनही आपोआप जातो, कारण विमा, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाचे बिल यांच्यासाठी ही मर्यादा डिसेंबर २०२३ पासून एक लाख रुपये आहे. एका नोंदीत ‘काही केले नाही तर पैसे जातील’ ही काळजी असते, दुसरीत ‘काही केले नाही तर जाणार नाहीत’ ही. ॲप दोघींना ‘स्वयंचलित’ हा एकच हिरवा शिक्का लावते. मी क्लासची फी आणि लोकलचा पास या नोंदी ‘हाताने भरणे’ या गटात टाकल्या आहेत आणि त्यांना दोन सूचना ठेवल्या आहेत.

रकमेविषयी मात्र ॲपवर आंधळा विश्वास ठेवू नये. अँड्रॉइडवर ते परवानगी घेऊन बँकेचे संदेश वाचते आणि नोंदी आपोआप तयार करते. आयफोनवर ही सोय मिळत नाही, कारण तेथे ॲपला संदेश वाचू दिले जात नाहीत. यूपीआय मॅन्डेट तयार होताना येणाऱ्या संदेशात कमाल मर्यादा लिहिलेली असते, जिच्याइतकी किंवा जिच्याहून कमी रक्कम कंपनी घेऊ शकते. ॲपने दरमहा १९९ रुपयांच्या एका सेवेची मर्यादा ५,००० रुपये वाचली आणि वर्षाच्या बेरजेत ६०,००० रुपये मिळवले. एवढा आकडा फुगल्यावर चूक लगेच दिसते, परंतु मर्यादा ५०० रुपये असती तर ती कदाचित लक्षातही आली नसती. तपासण्याची सोपी रीत म्हणजे पहिल्यांदा पैसे गेले की पासबुकातील रक्कम नोंदीशी ताडून पाहणे. मॅन्डेट पडताळण्यासाठी जाणारा एक-दोन रुपयांचा व्यवहारही कधी कधी पहिला हप्ता म्हणून नोंदला जातो. त्यामुळे मी संदेश वाचण्याची परवानगी काढून घेतली; वर्षाला अशा नव्या नोंदी होतात तरी किती!

दुसरी अडचण अशी की नूतनीकरणाची रक्कम ॲप मागच्या वेळेवरून उचलते. अँटीव्हायरस पहिल्या वर्षी सवलतीत ६९९ रुपयांना मिळाला, त्याच्या नूतनीकरणाचा दर १,९९९ आहे. त्यासाठी ‘पुढील रक्कम’ हा वेगळा रकाना आहे आणि तो खरेदीच्या दिवशीच भरून ठेवावा, कारण तो दर त्या वेळी पावतीवर समोर असतो. आरोग्य विम्याच्या बाबतीत उलटे घडले. आमचा हप्ता नोव्हेंबरमध्ये येतो. २०२४ मध्ये २०,००० रुपये मूळ हप्ता आणि १८ टक्के जीएसटी मिळून २३,६०० रुपये गेले होते. वैयक्तिक आरोग्य व जीवन विम्यावरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आणि मूळ हप्ता न बदलल्याने २०,००० रुपयेच भरावे लागले. ॲप मात्र अखेरपर्यंत २३,६०० दाखवत राहिले. उद्या वयाचा गट बदलला तर हाच आकडा वर जाईल आणि तेही ॲपला आधी कळणार नाही. म्हणून विम्याची सूचना मी पाच दिवसांऐवजी दीड महिना आधी ठेवली आहे, कारण नूतनीकरणाची नोटीस साधारण त्याच सुमारास येते आणि खरी रक्कम तीवरूनच भरता येते.

‘पुढील १२ महिने’ या पडद्याचा मला झालेला सर्वांत प्रत्यक्ष फायदा असा की विम्याचा हप्ता, क्लासची फी आणि अँटीव्हायरसचे नूतनीकरण हे तिन्ही नोव्हेंबरातच, म्हणजे दिवाळीच्या खर्चाला लागून येतात, हे एका दृष्टिक्षेपात दिसले. आता त्यांच्या बेरजेचा बारावा हिस्सा दरमहा वेगळ्या आवर्ती ठेवीत जातो. ओटीटीवरून घरात होणारे वादही थोडे निवळले, कारण रकमेच्या क्रमाने यादी लावल्यावर ओटीटी पहिल्या चारांतही नव्हते.

सशुल्क आवृत्ती मी पुन्हा घेतली आहे, ती केवळ नोंदींची सीएसव्ही फाईल काढता येते म्हणून. विनामूल्य आवृत्तीत नोंदी फक्त त्या मोबाईलवरच राहतात आणि मोबाईल बदलला की सर्व काही नव्याने भरावे लागते. ज्यांच्या नोंदी थोड्या आहेत आणि ज्यांना दर तीन महिन्यांनी त्या कागदावर उतरवून ठेवण्याचा कंटाळा नाही, त्यांना विनामूल्य आवृत्ती पुरेल.